पुरवणी पत्र कसे लिहावे: चुकलेल्या अर्जदारांसाठी अनधिकृत परिपत्रक

सरकारी कार्यालयात दिलेल्या अर्जातली चूक अर्जदाराला सहसा रात्री साडेअकराला सापडते. त्या वेळी सुचेल ते लिहू नये. रात्री सुचलेल्या पत्राची सुरुवात हमखास ‘माझे आधीचे पत्र रद्द समजावे’ अशी होते, आणि अर्जदार स्वतःच्या हाताने स्वतःची हरकत निकालात काढतो.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. वडील वारले. भावाने सातबाऱ्यावर वारस नोंद करताना विवाहित बहिणीचे नाव वगळले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 150 खाली फेरफाराची नोटीस निघाली. हरकतीची मुदत 15 दिवस. बहिणीने हरकत दिली 12 जूनला, आणि आवक क्रमांकासह पोचही घेतली. 25 जूनला तिला कळले की अर्जात दोन चुका आहेत. गट क्रमांक 174 च्या जागी 147 पडला आहे. शिवाय ‘मला नोटीस मिळालीच नाही, चावडीवरच्या फलकावर फेरफार पाहिला’ असे ठणकावून लिहिले आहे. नोटीस मात्र 4 जूनलाच सुनेने सही करून घेतली होती आणि ती फ्रिजवर बिलांखाली पडली होती.

पहिला नियम : मूळ पत्राला हात लावू नये. मुदत 19 जूनला संपली. मूळ पत्र रद्द केले, तर नवी हरकत 26 जूनची, म्हणजे मुदतीबाहेरची ठरेल. म्हणून विषयाच्या ओळीतच लिहावे : ‘फेरफार क्र. 2316 वरील दि. 12 जूनच्या हरकतीस पुरवणी’. संदर्भात मूळ पत्राचा आवक क्रमांक टाकावा. तो नसला तर कारकून दोन्ही कागद दोन वेगळ्या फायलींत लावील, आणि त्यांची भेट पुढे थेट अपिलात होईल.

दुसरा नियम : चूक जशीच्या तशी उद्धृत करावी. ‘काही तपशिलांत नजरचुकीने त्रुटी राहिल्या’ या वाक्याचा उपयोग फक्त भावाच्या वकिलाला होतो. कोणता तपशील खोटा ते त्याने ठरवायचे. त्यापेक्षा असे लिहावे :

‘परिच्छेद 2, ओळ 3 मधील “गट क्र. 147” ऐवजी “गट क्र. 174” असे वाचावे. सातबारा उतारा सोबत जोडला आहे. फेरफार क्रमांक मूळ अर्जात बरोबर असल्याने हरकत कोणत्या नोंदीवर आहे, याबाबत संदिग्धता नाही.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ते नसेल तर हरकत दुसऱ्याच जमिनीची आहे, असे म्हणायला समोरच्याला जागा राहते.

तिसरा नियम : जी चूक खरोखर अंगाशी येते, ती आधी आपणच सांगावी. नोटिशीवरची सही कार्यालयाच्या फायलीत आहे. सुनावणीत ती निघाली की बहिणीचे नातेसुद्धा संशयाने पाहिले जाईल. म्हणून :

‘परिच्छेद 4 मधील “मला नोटीस मिळालीच नाही” हे विधान मी मागे घेते. नोटीस दि. 4 जून रोजी घरी मिळाली होती. तेव्हापासून मोजले तरी माझी हरकत आठव्या दिवशी, मुदतीत दाखल आहे. परिच्छेद 1 व 3 मधील मुद्दे या विधानावर अवलंबून नाहीत. ते कायम आहेत.’

परिच्छेद 1 म्हणजे मुलगी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पहिल्या वर्गाची वारस असते, हा मुद्दा. परिच्छेद 3 म्हणजे नात्याचे पुरावे. बहीण नोटीस न मिळाल्यामुळे वारस झालेली नाही, आणि मिळाल्यामुळे वारस राहिली नाही असेही नाही. कोणता मुद्दा पडला आणि कोणता उभा आहे, हे न सांगता नुसती माफी मागितली, तर वाचणारा सगळाच अर्ज पडला असे धरतो. पण मागणीच त्या चुकीवर उभी असेल, तर मात्र मागणीही दुरुस्त करावी. तिथे ‘कायम आहेत’ लिहिणे ही दुसरी चूक होय.

चौथा नियम : वर्ज्य मजकूर. चष्मा, घाई, टंकलेखक, वयोमान आणि फ्रिज यांचा उल्लेख करू नये. भावाने 2011 च्या दिवाळीत काय केले, तेही इथे नको. पुरवणीत नवी तक्रार घुसवली की ती मुदतीबाहेरची नवी हरकत दिसू लागते, आणि दुरुस्तीही तिच्याबरोबर बुडते. पत्र एका पानात संपावे.

पाचवा नियम : पत्र टपालपेटीत टाकून निश्चिंत होऊ नये. दोन प्रती न्याव्यात, एक बारनिशीत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ‘मॅडम जेवायला गेल्यात’ असे उत्तर आले तर थांबावे. सुनावणीच्या दिवशी दोन्ही पोचा एकत्र टाचून न्याव्यात आणि पुरवणी मूळ हरकतीसोबत फायलीत लागली आहे का, ते बोलायला उभे राहण्याआधी विचारावे. लागली नसेल, तर हातातली प्रत तिथेच द्यावी आणि तशी नोंद घ्यायला सांगावे.