कशावर वाढ?

करार दिसला की त्याचं शेवटचं पान आधी उघडणारी माणसं असतात. पहिल्या पानावरचा दर त्यांच्या लेखी पाहुण्यांसमोर ठेवलेला चिवडा. खरं जेवण आत, भाववाढीच्या कलमात. आमचे तात्या त्यातलेच. पवनचक्क्यांच्या एका कंपनीत हिशेब सांभाळून निवृत्त झाले. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर फिरायला गेलं की लोक वाऱ्याचे फोटो काढतात, तात्या प्रत्येक पात्याकडे बघून युनिटं मोजतात.

त्यांचे प्रश्न तीनच. "कशावर वाढ? कधीपासून? आणि आजच्या पैशात किती?" दूधवाला, केटरर, भाडेकरू, सगळ्यांना तेच.

त्यांचा लाडका करार २००३ सालचा. त्या वर्षी महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं नव्या पवनचक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये दर दिला, दरवर्षी १५ पैसे वाढ, करार १३ वर्षांचा. हा दर तात्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. काकूंनी याची परीक्षा घेतलेली आहे.

"शेवटच्या वर्षी ५.३० रुपये," तात्या सांगतात. "तेरा वर्षांची सरासरी काढली की येते ४.४०. मग कुणी सरसकट ४.३० देतो म्हणाला तर तू काय करशील?"

"नको म्हणेन."

"बुडालास!" आणि तात्यांचा चेहरा उजळतो.

मग पाकिटाच्या पाठीवर पेन्सिल चालते. तेराव्या वर्षी मिळणारा रुपया म्हणजे आजचा रुपया नव्हे. वर्षाला दहा टक्के व्याज धरून मागे मोजत आलं, तर तो आज जेमतेम २९ पैशांचा. दरवर्षी एकच युनिट विकलं असं धरलं, तर पंधरा-पंधरा पैशांच्या वाढीतून तेरा वर्षांत ११.७० रुपये जास्त हातात येतात. पण मोठी वाढ शेवटी येत असल्यामुळे त्या सगळ्याची आजची किंमत फक्त पाच रुपये. ती तेरा वर्षांवर सारखी पसरली की चढत्या दराचा करार सरसकट ४.२० च्या बरोबरीचा ठरतो. म्हणजे ४.३० वाला गृहस्थ दहा पैसे जास्तच देत होता! व्याज पंधरा टक्के धरलं तर ही बरोबरी ४.१२ वर येते. "पैसा जितका महाग, तितकी उद्याची वाढ स्वस्त," असं म्हणून तात्या पेन्सिल कानावर ठेवतात.

"आणि कशावर वाढ, ते पाहिलंस? १५ पैसे म्हणजे पहिल्या खेपेला चार टक्क्यांच्या वर, पण शेवटच्या खेपेला तीनही नाहीत. पैसे तेच, टक्का झिजतो."

सोसायटीच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर येणार होता, तेव्हा ही विद्या सार्वजनिक झाली. महिना २० हजार भाडं, नऊ वर्षांचा करार, दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. सभेत तासभर वाद रंगला तो वाढ मूळ भाड्यावर की वाढलेल्या भाड्यावर यावर. फरक शेवटच्या तीन वर्षांत महिन्याला ४५० रुपयांचा, एकूण १६,२०० चा. सेक्रेटरींचा आवाज बसला.

तात्या उठले. "अहो, भोक पुढं आहे, तुम्ही ठिगळ मागं लावताय! वर्षाला पाच टक्के मागा. दुसऱ्या वर्षी २१ हजार, तिसऱ्या वर्षी २२,०५०. पहिल्या तीन वर्षांतच ३६,६०० रुपये जास्त, तेही लवकर हातात."

सभा गप्प झाली. तेवढ्यात तात्यांनी 'आता वर्तमान मूल्य बघू' म्हणून पाकीट काढलं आणि सभेला एकदम दुसऱ्या दिवशीचं ऑफिस आठवलं. वर्षाला पाच टक्के मात्र मंजूर करून घेतले गेले, हे कबूल करायला हवं.

पण इतक्या कलमांच्या या जाणत्या माणसाकडून काकूंना घरखर्चाला जी रक्कम मिळते, ती कित्येक वर्षं तीच आहे. परवा काकूंनी विचारलंच, "आमच्या करारात वाढीचं कलम का नाही हो?"

तात्या गडबडले. "तसं लेखी काही ठरलं नव्हतं..."

काकूंनी अर्धा कप चहा समोर ठेवला. "घ्या. आजच्या पैशात एवढाच."

तात्यांनी कपात डोकावून पाहिलं, मनाशी काही मोजलं आणि मान डोलावली. हिशेब बरोबर होता.