वीस टक्के, एक गुण

एका वाणिज्य महाविद्यालयाने यंदाच्या ‘अर्थमंथन’ प्रश्नमंजूषेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. आदल्या संध्याकाळी प्रश्न आणि उत्तरं असा दोन पानी कागद हातात पडला. कोपऱ्यात स्टेपल, वरती तिसऱ्या पिढीच्या झेरॉक्सची काळी पट्टी आणि समासात लाल शाईत सूचना: ‘उत्तर कागदाप्रमाणेच हवे. वाद घालू नये.’ ही सूचना विद्यार्थ्यांसाठी असावी असं समजून मी वाद घालायला बसलो.

प्रश्न 1. करेक्शन म्हणजे काय? उत्तर: बाजार 10 टक्के घसरणे. (1 गुण)

बाजार कुठून घसरणे? कालच्या आकड्यावरून, दिवाळीच्या मुहूर्तावरून, की काकांनी शेअर घेतले त्या दिवसापासून? अलीकडच्या शिखरापासून मोजायचं असतं, हे चार शब्द झेरॉक्समध्ये उडाले असावेत. ते उडाले की काय होतं पाहा. एखाद्या सकाळी बाजार कालच्या बंद पातळीवरून 10 टक्के आपटला, तर दुपारी एकच्या आधी घडल्यास देशभरातला व्यवहार 45 मिनिटं बंद ठेवतात. त्याला सर्किट लागलं म्हणतात. करेक्शन ही महिनोन् महिने रेंगाळू शकणारी अवस्था, तर सर्किट म्हणजे तासाभरात उरकणारी सक्तीची मधली सुट्टी. दोन्हीकडे दहाचा आकडा आहे म्हणून दोघांना एकाच बाकावर बसवलंय.

प्रश्न 2. बेअर मार्केट म्हणजे काय? उत्तर: सेबीच्या नियमानुसार 20 टक्के घसरण.

सेबीला इतर कामं आहेत. दहा आणि वीसच्या रेषा कुठल्या कायद्यात नाहीत. बातमीदार आणि दलाली पेढ्यांचे विश्लेषक वापरतात तो हा रिवाज आहे. शिवाय शिखर दिवसभरातल्या कमाल आकड्याचं धरायचं की संध्याकाळच्या बंद आकड्याचं, यावरही एकमत नाही. बहुतेक जण बंद आकडा धरतात. 19.9 टक्के पडलेला बाजार ‘करेक्शन’ आणि 20.1 टक्के पडलेला ‘मंदी’, ही जी करडी शिस्त आहे, ती पाळणारा रखवालदार कुठेच नेमलेला नाही. पण प्रश्न काढणाऱ्या प्राध्यापकांना विचारलं तर म्हणाले, “सर, सेबीचं नाव घातलं की उत्तराला वजन येतं.” वजन आलं खरं, माहिती मात्र गेली.

प्रश्न 3. बुल मार्केट केव्हा सुरू होते? उत्तर: बाजार तळापासून 20 टक्के वर गेला की मंदी संपते व तेजी सुरू होते.

इथे माझ्या पेनातली शाई खऱ्या अर्थाने खर्ची पडली. व्याख्या पाठ्यपुस्तकी आहे, म्हणून तिला 2020 सालच्या सेन्सेक्सवर चालवून बघू. 14 जानेवारी 2020 ला सेन्सेक्स 41,952 वर बंद झाला. ते त्या वेळचं शिखर. त्यावरून करेक्शनची रेषा येते साधारण 37,757 ला आणि मंदीची 33,562 ला. शुक्रवारी 6 मार्चला सेन्सेक्स 37,576 वर बंद झाला, म्हणजे करेक्शन दाखल. सोमवारी मोठी पडझड झाली, मंगळवारी होळीची सुट्टी होती, बुधवारी थोडा दम खाल्ला आणि गुरुवारी 12 मार्चला बंद आकडा 32,778. मंदी दाखल! करेक्शन नावाच्या पाहुण्याने शुक्रवारी संध्याकाळी बॅग ठेवली आणि पुढच्या गुरुवारी तो निघालासुद्धा. मधल्या व्यवहाराच्या दिवसांत सुट्टी जमेत धरत नाही. करेक्शनमध्ये ‘शांतपणे चांगले शेअर जमवा’ असं सांगणाऱ्यांना विद्यार्थी विचारतील, ‘शांतपणे म्हणजे सोमवारी की बुधवारी?’

शुक्रवारी 13 मार्चला सकाळी बाजार उघडताच दहा टक्के कोसळला, सर्किट लागलं, 45 मिनिटं टाळं. टाळं उघडल्यावर बाजाराने एवढी उसळी घेतली की संध्याकाळचा बंद आकडा 34,103, म्हणजे मंदीच्या रेषेच्या वर! आदल्या संध्याकाळी मंदीत गेलेला बाजार दुसऱ्या संध्याकाळी वीस टक्क्यांच्या आत परत आला. म्हणून मंदी संपली का? मुळीच नाही. ज्यांनी त्या शुक्रवारी सुटकेचा नि:श्वास टाकला, त्यांना सोमवारी तो परत घ्यावा लागला. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्क्यांनी कोसळून 25,981 वर बंद झाला. तोच तळ. पण तो तळ होता हे 23 मार्चच्या संध्याकाळी कोणालाही माहीत नव्हतं. ज्यांनी ‘मला कळलं होतं’ असं नंतर सांगितलं, त्यांची मुलाखत त्या दिवशी कोणी घेतली नव्हती.

आता तळापासून 20 टक्के वर म्हणजे 31,177. गुरुवारी 9 एप्रिलला सेन्सेक्स 31,159 वर बंद झाला. जेमतेम अठरा अंश कमी! गुड फ्रायडेच्या सुट्टीत अठरा अंशांसाठी देश मंदीतच राहिला. मग 17 एप्रिलला 31,588 चा आकडा आला आणि कागदाप्रमाणे तेजी सुरू झाली. टाळ्या.

पण त्याच संध्याकाळी मागे वळून शिखराकडे बघा. 41,952 पासून 31,588 म्हणजे जवळजवळ पंचवीस टक्के खाली. वरून मोजलं तर मंदी, खालून मोजलं तर तेजी, तारीख एकच, सेन्सेक्स एकच. जानेवारीत शिखरावर पैसे घातलेला माणूस त्या संध्याकाळी शंभरातले पंचाहत्तर मोजत होता आणि बातमी होती ‘बाजारात तेजी’. त्याच्या घरी तेजी पोहोचायला 9 नोव्हेंबर उजाडला. त्या दिवशी सेन्सेक्सने जानेवारीचा आकडा मागे टाकला.

आता मूळ प्रश्नाला दोन योग्य उत्तरं झाली. आणखी एक अडचण आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तेजी ‘केव्हा सुरू झाली’ या प्रश्नाचं उत्तर इतिहासकार 23 मार्च देतील, पण ते कळलं 17 एप्रिलला. सुरुवातीची तारीख नेहमी उलट्या पावलांनी लिहिली जाते. मधल्या 20 टक्क्यांची सगळी वाढ ज्याने खाल्ली, तो ती खात असताना पुस्तकाच्या मते मंदीतच बसला होता. विद्यार्थी ‘23 मार्च’ लिहितो, शेजारचा ‘17 एप्रिल’ लिहितो. कागद म्हणतो ‘वाद घालू नये’.

प्रश्न 4. बाजार 20 टक्के पडून पुन्हा 20 टक्के चढला. आता तो कुठे? उत्तर: मूळ जागी.

शंभर, मग ऐंशी, मग ऐंशीचे वीस टक्के सोळा. शहाण्णव. मूळ जागी यायला पंचवीस टक्के चढायला हवं. हा प्रश्न सातवीच्या पुस्तकातून सरळ उचलता आला असता आणि उत्तरही. तिथे ते बरोबर छापलेलं असतं. नुकसान जितकं खोल, तितकी परतीची चढण अधिक. निम्मं गेलं की दुप्पट करावं लागतं. प्राध्यापक म्हणाले, “सर, हा सोपा प्रश्न आहे, मुलांना धीर येतो.” धीर आला असता, पण गुण कापले गेले असते. ज्याने 96 लिहिलं त्याचे!

प्रश्न 5. 2025 च्या सुरुवातीला बाजार कुठल्या अवस्थेत होता? उत्तर: करेक्शन.

निफ्टीसाठी बरोबर. सप्टेंबर 2024 च्या शिखरावरून 4 मार्च 2025 पर्यंत निफ्टीची घसरण सोळा टक्क्यांच्या आसपास. पण त्याच सुमारास स्मॉलकॅप कंपन्यांचे निर्देशांक आपापल्या शिखरांवरून वीस टक्क्यांहून जास्त पडले होते. म्हणजे मोठ्या कंपन्यांचा मालक करेक्शनमध्ये आणि छोट्या कंपन्यांचा मालक मंदीत, दोघांचं डिमॅट खातं एकाच ब्रोकरकडे. ‘बाजार’ एकवचनी लिहिला की परीक्षकाचं काम सोपं होतं.

प्रश्न 6. मुंबई शेअर बाजाराबाहेरच्या बैलाचे शिल्पकार कोण? उत्तर: भगवान रामपुरे.

अगदी बरोबर. सोलापूरच्या माणसाचं काम, अभिमानाने पूर्ण गुण. फक्त पुढचा उपप्रश्न कोणी घेतलेला नाही, ‘बैल कधी बसवला?’ जानेवारी 2008. त्याच महिन्याच्या 8 तारखेला सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला होता आणि तो शिखराचा आकडा ठरला. मार्च 2009 मध्ये तो 8,160 वर आला होता. शिल्पकाराचा यात दोष नाही. तेजीचा पुतळा उभारायला वर्गणी कधी जमते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पेपरात घालण्यासारखा आहे.

प्रश्न 7. मंदीतून बाजार सावरायला किती काळ लागतो? उत्तर: साधारण 2 वर्षे.

2020 मध्ये शिखरापासून शिखरापर्यंत दहा महिनेही लागले नाहीत. 2008 च्या शिखराचा बंद आकडा ओलांडायला नोव्हेंबर 2010, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. सरासरी काढली तर दोनच्या जवळ येते, हे मान्य. पण जपानचा निक्केई यात घालून पाहा. 29 डिसेंबर 1989 ला तो 38,915 वर बंद झाला आणि हा आकडा पुन्हा ओलांडला 22 फेब्रुवारी 2024 ला. मधल्या काळात तळापासून वीस टक्के वर जाण्याचे प्रकार अनेकदा घडले. प्रश्न 3 च्या उत्तराप्रमाणे दर वेळी मंदी संपली आणि तेजी सुरू झाली.

मी प्राध्यापकांना म्हटलं, टोकियोतला एखादा विद्यार्थी हा प्रश्न सोडवायला बसला असता तर? ते घड्याळाकडे बघत म्हणाले, “सर, प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद आहेत.”