नमस्कार, खोली आहे!

बेळगुंदीच्या रस्त्याला आप्पांचं लॉज आहे. पाच खोल्या, खाली चहा-भजी, आणि गल्ल्याशेजारी दोरी बांधलेलं रजिस्टर. कुठली खोली रिकामी हे आजवर त्या रजिस्टरलाच ठाऊक असायचं. मग भाच्यानं आप्पांच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस चढवलं.

मी बुधवारी रात्री पुण्याहून विचारलं, ‘शनिवारी दोघांसाठी खोली मिळेल का?’ पाठोपाठ उत्तर : ‘नमस्कार! खोली उपलब्ध. भाडे 900 पासून. पत्ता प्रोफाइलवर.’ एवढी तत्परता मी सरकारी खात्यात, घरात, कुठंच अनुभवलेली नाही. गुरुवारी लिहिलं, ‘मग शनिवारचं पक्कं ना?’ उत्तर नाही. मौन म्हणजे संमती, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

शनिवारी नकाशातल्या खुणेवर पोचलो, तर ते रताळ्याचं शेत निघालं. भाच्यानं प्रोफाइलमध्ये पत्ता भरताना ‘सध्याचं ठिकाण’ दाबलं होतं, आणि तेव्हा तो वेल उचलत होता. तिथून विचारत विचारत लॉजवर गेलो, तर पाचही खोल्यांत लग्नाचं वऱ्हाड.

“तुमी विचारलासा, मोबाईलनं सांगितलं,” आप्पा म्हणाले. “मी कुठं काय बोललोय?”

खरं होतं. तो स्वागत-संदेश. ग्राहकाचा पहिलाच निरोप आला की जातो, नाहीतर 14 दिवस काही बोलणं झालं नसेल तर पुन्हा जातो. समोरच्यानं काय विचारलंय ते तो वाचत नाही, आणि रजिस्टर तर त्यानं जन्मात पाहिलेलं नाही. म्हणून बुधवारी तो सोडला गेला, गुरुवारी गप्प राहिला. मी ‘पुरणपोळी आहे का’ विचारलं असतं तरी खोली उपलब्धच होती.

रात्री दुकानातल्या बाकावर बसून आम्ही तो दुरुस्त केला. ‘उपलब्ध’ काढलं. आता तो फक्त तारीख, माणसं आणि यायची वेळ विचारतो आणि ‘रजिस्टर बघून कळवतो, तोवर बुकिंग झालं असं धरू नये’ म्हणतो. भाड्याचा आणि रस्त्याचा मजकूर झटपट उत्तरांत साठवला. आप्पांनी `/bhade` किंवा `/rasta` टंकलं की तो समोर येतो, पण पाठवायचा त्यांनीच, रजिस्टरवर बोट ठेवून. रस्त्यात ‘बेळगावहून गणेशपूर, बेनकनहळ्ळी मार्गे’ असं अक्षरांत लिहिलं आणि खूण शेतातून उचलून दारात आणली.

एक राहिलंच होतं. स्वागत कुणाला जावं, तिथं ‘सर्वांना’ होतं. ते बदलून ‘फोनमध्ये नाव नसलेल्यांना’ केलं. पण उशीर झाला होता. आप्पांचे व्याही महिन्यातून एकदाच लिहितात. त्यांनी सकाळीच विचारलं होतं, ‘पोरीला माहेरी कधी पाठवू?’ आणि त्यांना उत्तर गेलं होतं, भाडे 900 पासून.

खाली व्याह्यांचा प्रश्न तसाच पडून होता : ‘जेवण धरून का?’