विषय : खोली बदलून मिळणेबाबत

स्वारगेटच्या लॉजवर उतरून शांत खोली मागायला धाडस लागतं. एसटी स्टँड, पीएमपीची स्थानकं, जेधे चौकातला उड्डाणपूल आणि 29 सप्टेंबर 2024 पासून जमिनीखालून धावणारी मेट्रो, एवढं सगळं उशाला घेऊन हा भाग वर्षानुवर्षं जागा आहे. आता मेट्रो पुढे कात्रजपर्यंत जायची आहे, तीही भुयारातून. म्हणजे वर जागा उरली नाही म्हणून स्वारगेटनं खाली खोदायला घेतलं आहे.

पण आमच्या खोलीतला आवाज यांपैकी कशाचाच नव्हता. लॉजशेजारची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि तिचे कॉलम ब्रेकरनं फोडण्याचं काम सुरू होतं. भाचीच्या लग्नासाठी साताऱ्याहून नानामामांना घेऊन मी आलो होतो. खोली फोनवर ठरवताना ‘पर्वती व्ह्यू’ असं सांगितलं होतं. पडदा सरकवला, तर समोर परांची आणि तिच्यावर हिरवी जाळी. जाळीला एक भोक होतं. त्यातून डोळा लावून पाहिल्यावर मामा म्हणाले, “पर्वती नाही, पण गवंडी दिसतोय.”

व्ह्यूच्या बाबतीत पर्वतीचा लौकिक मोठा. 5 नोव्हेंबर 1817 रोजी दुसऱ्या बाजीरावांनी पर्वतीवरून खडकीची लढाई पाहिली, असं सांगतात. “त्यांना तिथून खडकी दिसली, आणि मला हाकेच्या अंतरावरून पर्वती दिसत नाही,” मामांनी इतिहासाला तिथल्या तिथे जाब विचारला.

मी काउंटरवर जाऊन भांडणार होतो. मामांनी हात धरला. जिल्हा परिषदेत उभी हयात आस्थापना शाखेत गेल्यामुळे, तोंडी बोललेली गोष्ट घडलेलीच नसते, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी लग्नपत्रिकेचं पाकीट उसवलं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : ‘प्रति, मा. व्यवस्थापक. विषय : खोली बदलून मिळणेबाबत. संदर्भ : आपले व आमचे दूरध्वनीवरील बोलणे. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, आम्हांस दिलेल्या खोलीत (1) पर्वती दिसत नाही, (2) शेजारचे बांधकाम ऐकू येते. तरी पर्वती दिसणारी व बांधकाम ऐकू न येणारी खोली मिळावी, ही विनंती.’

मॅनेजर चाळिशीचा, शांत गृहस्थ. त्यानं अर्ज पूर्ण वाचला, ही पहिली आश्चर्याची गोष्ट. मग म्हणाला, “काका, पर्वती पुढच्या बाजूला आहे आणि बांधकामपण पुढच्याच बाजूला. दोन्हीतलं एक सांगा. पर्वती हवी की झोप?”

मामांनी आधी कायदा काढला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र, आणि निवासी भागात त्या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत. “बरोबर आहे,” मॅनेजर म्हणाला, “ब्रेकर सातला थांबतो. रात्री राडारोडा भरायला डंपर येतात, कारण अवजड गाड्यांना दिवसा शहरात यायला बंदीच्या वेळा असतात. त्याची तक्रार करायची तर पोलिसांकडे करा. माझ्याकडे फक्त चाव्या आहेत.”

हे मला पटलं. आवाज बंद करणं मॅनेजरच्या हातात नसतं, खोली देणं असतं. त्यामुळे त्याच्यापुढे आवाजाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, त्याला चावी शोधता येईल असं काहीतरी मागावं लागतं. मामांनी अर्जातला मुद्दा (1) खोडला, खोडलेल्या जागी सही केली आणि लिहिलं : ‘मागील बाजूची, जिन्यापासून दूरची, कोणत्याही मजल्यावरील.’ मजल्याचा हट्ट सोडला ते बरंच केलं. वरच्या मजल्यावर आवाज कमी येतो हा भ्रम आहे. समोरासमोरच्या इमारतींमध्ये तो भिंतींवर आपटत वर चढतो. मधे अख्खी इमारत आडवी आली, तरच त्याला खरा अडसर होतो.

आता प्रश्न, मागची खोली रिकामी कधी होणार. स्टँडजवळच्या बऱ्याच लॉजसारखा इथंही चोवीस तासांचा हिशेब होता. पहाटे पाचच्या गाडीनं आलेला पाहुणा दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत खोलीचा मालक. त्यामुळे इथं दुपारी बाराला सगळ्या खोल्या एकदम मोकळ्या होत नाहीत, दिवसभर एकेक सुटत राहते. मॅनेजरनं रजिस्टरवर बोट फिरवलं. मागच्या बाजूला कोल्हापूरचे एक गृहस्थ आदल्या दिवशी चारला आले होते. “चारला सुटेल, पाचला साफ होईल. सामान उघडू नका.”

हा शेवटचा सल्ला सोन्याचा होता. पसरलेली बॅग पाहिली की रूमबॉयला वाटतं, पाहुणा रुळला. शिवाय वापरलेली चादर आणि ओला टॉवेल म्हणजे लॉजला दोन खोल्या धुवायच्या.

पाच वाजता मागची खोली पाहायला गेलो. मामांनी चावी लगेच घेतली नाही. खिडकी बंद करून त्यांनी भिंतीला तळहात लावला. ब्रेकरचा दणका हवेतूनच येतो असं नाही, जमिनीतून पायात आणि पायातून भिंतीत चढतो. हाताला थरथर लागली, तर बाजू बदलूनही फारसा फरक पडत नाही. भिंत गप्प होती. मग मी फोनवर आवाजाचं ॲप लावलं. फोनचा आकडा कोर्टात टिकणारा नसतो, पण एकाच फोननं दोन खोल्या मोजल्या तर फरक कळतो. पुढच्या खोलीत खिडकी लावून 68 डेसिबल होते, इथं 49. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणजे इथं तो जवळजवळ पाव झाला होता. शेवटी मामांनी बाथरूमचं दार उघडून डक्टकडे कान दिला. मागच्या खोल्यांची खरी गोम तिथं असते. बांधकाम थांबतं, वरच्या मजल्याचा फ्लश थांबत नाही.

खिडकीतून काय दिसत होतं? पाण्याची काळी टाकी आणि तिच्यावर एक कबुतर. “चालेल,” मामा म्हणाले.

काउंटरवर त्यांनी दोन गोष्टी रजिस्टरमध्ये लिहून घेतल्या. खोली बदलली तरी चोवीस तास पहिल्या नोंदीपासूनच मोजायचे. हे न लिहिल्यास निघताना एका दिवसाचं भाडं जास्त लागायची शक्यता असते. आणि मागची खोली स्वस्त असल्यानं फरक बिलात वळता करायचा. मग त्यांनी आपल्या अर्जावर आवक क्रमांक मागितला. मॅनेजरनं क्षणभर विचार करून ‘1’ लिहिलं.

रात्री नऊला दार वाजलं. मॅनेजर कागद घेऊन उभा. पुढच्या बाजूच्या एका कुटुंबानं आमचं पाहून अर्ज केला होता, अगदी विषय आणि संदर्भासकट : लहान बाळ आहे, मागची खोली मिळावी. “मागं आता एकही मोकळी नाही, काका. अर्ज मात्र मुद्देसूद आहे. तुम्हीच सांगा काय करू.”

मामांनी चष्मा लावला. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून पाहिला आणि परत दिला.

“आवक क्रमांक कुठाय?”