साहेबांची बेमुदत रजा

भिवंडीच्या गोदामांत एक साहेब असतात. गौरी-गणपतीला गावी गेले की ते परत येत नाहीत. म्हणजे देहाने येतात. केबिनमध्ये बसतात, कटिंग मागवतात, हमालांच्या मुकादमाला झापतात. पण त्यांना मेल टाकून बघा. क्षणात उत्तर येतं : ‘मी सध्या प्रवासात आहे. रेंज नसल्याने उत्तरास विलंब होईल. आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ गौरी गेल्या, अनंत चतुर्दशी झाली, दसऱ्याला फोर्कलिफ्टला झेंडूचा हार पडला, दिवाळीचा बोनसही वाटून झाला. साहेबांना अजून रेंज नाही.

ही सगळी करामत एका चौकोनाची. जीमेलच्या Settings मध्ये जाऊन See all settings उघडलं की General या पानाच्या तळाशी Vacation responder सापडतं. तिथे First day भरायचा. Last day समोर मात्र एक इवलासा चौकोन असतो. त्यात खूण केली तरच शेवटची तारीख लागू होते. साहेबांना गाडी पकडायची घाई, चौकोन कोरा राहतो. यंत्र बिचारं आज्ञाधारक. कधी थांबायचं ते सांगितलं नाही, तर थांबत नाही. बरं, ते लपूनछपून चालतं म्हणावं तर तसंही नाही. संगणकावर इनबॉक्सच्या माथ्यावर रोज पट्टी झळकते, तिच्यात End now असं बटणही असतं. साहेब तिच्याखालचे मेल वाचतात.

आता गेटबाहेर या. सोलापूरहून चादरी-टॉवेल घेऊन आलेल्या गाडीच्या ई-वे बिलाला मुदत असते. साध्या मालाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस. ती वाढवून घ्यायची तर संपण्याआधीचे आठ तास आणि संपल्यानंतरचे आठ तास, एवढाच वाव. म्हणजे सरकारने टॉवेलला शेवटची तारीख लावली, साहेबांना लावायची राहिली. गेटवर वॉचमन म्हणतो, ‘अपॉइंटमेंटचा मेल दाखव.’ ट्रान्सपोर्टच्या पोराने मेल केलेला असतो, उत्तरात साहेब प्रवासात. ड्रायव्हर बोट दाखवतो, ‘अहो, ते काय, काचेमागं बसलेत!’ वॉचमन थंडपणे म्हणतो, ‘असतील. मेलवर नाहीत ना.’

पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मेल करतो. आता उत्तरच येत नाही. त्याला वाटतं, आले बुवा साहेब, वाचला मेल! कुठले आलेत? जीमेल एकाच माणसाला हे उत्तर चार दिवसांतून फार तर एकदा पाठवतं. चार दिवस उलटून पोराने परत मेल केला की साहेब नव्याने प्रवासाला निघतात. स्पॅममध्ये गेलेल्या मेलला तर हे उत्तर जातच नाही. म्हणजे लॉटरी लागल्याचं कळवणाऱ्या भामट्याला रजेची वार्ता नाही. ती राखून ठेवलेली आहे हॉल्टिंगचे पैसे मागणाऱ्यासाठी.

आणि तो मजकूर! चौकोनात तारखा भरल्या की त्या उत्तरात आपोआप उमटतात, असा एक गोड समज आहे. उमटत नाहीत. समोरच्याला दिसतं ते तुम्ही हाताने लिहिलेलं, तेवढंच. लिहायचं तरी किती? ‘मी २५ ऑगस्ट ते १ सप्टेंबर रजेवर आहे. २ तारखेला कामावर येईन. गाडी उतरवायची वेळ हवी असल्यास गेट सुपरवायझरला फोन करावा.’ खाली त्याचा नंबर, आणि तो त्याला विचारून दिलेला. Last day ला १ सप्टेंबर टाका, त्या रात्री ११.५९ नंतर उत्तर आपोआप बंद. मेल करणाऱ्याला तुमची रेंज नको आहे, तारीख आणि दुसरा माणूस हवा आहे. त्याऐवजी काय, तर ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’. कसलं सहकार्य हो? माणूस मानकोलीला रस्त्याच्या कडेला रात्र काढतो, स्टोव्हवर भात शिजवतो, पावसात उठून ताडपत्री आवळतो, परतीचं भाडं बुडतं ते वेगळंच. याला तुम्ही सहकार्य म्हणता?

पहिल्या वर्षी साहेब विसरले असतील. आता तो चौकोन कोरा राहत नाही, ठेवला जातो. बिलाचा मेल आला की प्रवासात, पीओडीवरचा शिक्का मागितला की प्रवासात. म्हणून मालकांना एकच विनंती. साहेब रजेवर असल्याचं रोज लेखी देत आहेत, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवा. First day पासून आजपर्यंतचे सगळे दिवस बिनपगारी धरा. Last day कुठे भरायचा, ते साहेबांना मग कोणी शिकवावं लागणार नाही.