बेचाळीस रात्री आणि दोन पानं

शालेय पुस्तक परीक्षणासाठी लागणारं साहित्य: दोन फुलस्केप पानं, एक निळा पेन आणि एक पुस्तक. पुस्तक वाचलेलं असल्यास उत्तम. पण हिंगोलीत इतकी वर्षं वह्या तपासल्यावर ही अट मी ऐच्छिक करून टाकली आहे.

पुस्तक निवडावं 'श्यामची आई'. ते शाळेच्या कपाटात असतंच. शिवाय पोरगं अडलं तर घरात कुणी ना कुणी सांगायला असतं. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण ४२. इथेच खरा घात होतो.

सातवीतल्या एका मुलानं पहिल्या रात्रीपासून इमानदारीनं सुरुवात केली. सहाव्या रात्री दुसरं पान संपलं. मग तळाशी बारीक अक्षरात त्यानं लिहिलं, "अशा प्रकारे पुढेही बऱ्याच रात्री आहेत." मी दहापैकी तीन दिले. तो वही घेऊन आला. "सर, समदं खरं लिहिलंय, मग मार्क कामून कापले?"

त्याला मी औंढ्याच्या एसटीचा नियम सांगितला. हिंगोलीच्या स्टँडवरून गाडी सुटली, तुम्ही मधल्या सीटवर बसलात आणि शेजाऱ्यानं विचारलं, काय वाचतोस? कंडक्टर तिकीट फाडत तुमच्यापर्यंत पोचायच्या आत कथानक सांगून झालं पाहिजे. त्यात चारच वाक्यं बसतात. कोण सांगतंय, अडचण काय, त्या अडचणीत माणसं कशी वागतात, शेवटी काय उरतं. म्हणजे असं:

आश्रमात रात्रीच्या प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. कोकणातलं त्याचं बरं चाललेलं घर कर्जात बुडत जातं आणि सावकाराचा तगादा दारात येतो. त्या ओढाताणीतही आई मुलाला वागायला शिकवत राहते, कधी मायेनं, कधी मारून. शेवटी ती आजारपणात जाते, तेव्हा श्याम जवळ नसतो.

झालं. उरलेल्या रात्री शेजाऱ्याच्या नशिबावर सोडाव्यात. आपण परीक्षण लिहितोय की रात्री मोजतोय, हे ओळखायचं असेल तर 'मग', 'नंतर' आणि 'त्यानंतर' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढावी. पान झेब्र्यासारखं दिसू लागलं तर रात्री मोजणं चालू आहे. त्या जागी 'म्हणून' किंवा 'तरीही' बसतं का ते पाहावं. जिथे बसत नाही, तो प्रसंग बिनधास्त उडवावा.

आता आशय. या मथळ्याखाली नव्वद टक्के वह्यांत "आईवर प्रेम करावे" असं असतं. ही आज्ञा झाली, पुस्तकाचा आशय नव्हे. शिवाय ती पुस्तक न उघडताही देता येते. आपल्या हळदीच्या बाजारात व्यापारी पोतं रिकामं करत बसत नाही. एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव बोलतो. आशयासाठीही एकच प्रसंग मोडावा. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि मारत विहिरीकडे पाठवते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणावं हे तिला सहन होत नाही. आतला रंग असा: या आईची माया लाड करण्यात संपत नाही, मुलगा कसा माणूस होणार याची तिला काळजी आहे, आणि त्यासाठी ती मुलाची नावड पत्करते. हे एवढं लिहिलं की पुरे. आणखी तीन प्रसंग जोडले तर पोतं पुन्हा ओतल्यासारखं होतं.

माझे मत हा भाग पालक लिहितात. "पुस्तक अतिशय वाचनीय असून मुखपृष्ठ आकर्षक आहे." एकदा हेच वाक्य मला एका वर्गात अकरा वह्यांत सापडलं. त्यातल्या दोघांच्या प्रतीला मुखपृष्ठच नव्हतं! मताला 'कारण' हा शब्द लागतो आणि कारण स्वतःचं लागतं. पटलं नाही असं लिहायलाही बंदी नाही.

त्या मुलानं परत लिहून आणलं. चार वाक्यं कथानकाची, एक हळकुंड, आणि मत असं: "आईने श्यामला मारले ते मला पटले नाही, कारण मारून भीती जात नाही. मला मामाने कयाधूत न मारता पोहायला शिकवले."

मी दहापैकी नऊ दिले. दुसऱ्या दिवशी त्याची आई वही घेऊन शाळेत आली. मला वाटलं, श्यामच्या आईला नाव ठेवलं म्हणून रागावली असेल.

"सर, हे खोटं लिहिलंय यानं," ती म्हणाली. "मामाला कुठं पोहता येतं? म्या शिकवलं याला. अन् दोन रपाटे दिल्याबिगर हा पाण्यात उतरलाच नव्हता."