शिल्लक कुठे आहे, ते सांगा

सप्टेंबर आला की महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा सुरू होतात. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. गणपूर्ती होत नाही, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, मग आहेत तेवढ्या सभासदांसह ती पुन्हा भरते आणि अध्यक्ष स्वागताला उभे राहतात. छापील अहवाल नोटिशीबरोबर घरोघरी गेलेला असतो, पण बहुतेकांनी तो उघडलेलाच नसतो. अध्यक्ष या पाच मिनिटांत जे सांगतील, तेवढाच त्यांचा अहवाल.

आणि अध्यक्ष ती पाच मिनिटं गेटच्या रंगावर, गणेशोत्सवावर आणि आभारांवर घालवतात. शेवटी एक वाक्य येतं, ‘यंदा आपली तीन लाखांची शिल्लक आहे.’ टाळ्या पडतात. माझा आक्षेप या वाक्यावर आहे.

समजा, सोसायटीत 40 सदनिका आहेत. प्रत्येकी महिना 3,000 रुपये देखभाल आकारणी, म्हणजे वर्षाची बिलं 14,40,000 रुपयांची. चार सभासदांनी काहीच भरलेलं नाही. त्यांची आधीची थकबाकी 5,00,000 रुपये होती. अनेक सोसायट्या लावतात तसं 21 टक्के सरळव्याज धरलं, तर जुन्या-नव्या थकबाकीवर वर्षाचं व्याज सुमारे 1,20,000 रुपये होतं. खर्च झाला 12,60,000. उत्पन्न-खर्च पत्रकात बिलं आणि व्याज दोन्ही जमेला धरलेली असतात, म्हणून तिथे 3,00,000 रुपयांची वाढ दिसते. पण चार घरांचे 1,44,000 रुपये आलेच नाहीत आणि व्याजाचा एक रुपयाही आला नाही. म्हणजे 2,64,000 रुपये फक्त कागदावर आहेत. हातात उरले 36,000. लिफ्टची एक मोठी दुरुस्ती निघाली तर ते पुरणार नाहीत.

हे ओळखायला सनदी लेखापाल व्हावं लागत नाही. ताळेबंदात ‘सभासदांकडून येणे’ ही ओळ शोधायची आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा ठेवायचा. आपल्या उदाहरणात 5,00,000चे 7,64,000 झाले. हा फरक शिल्लकीतून वजा केला की खरा आकडा समोर येतो. वर्षअखेरीस कंत्राटदारांची देणी राहिली असतील, तर तो थोडा हलेल, पण तीन लाखांच्या भ्रमातून बाहेर काढायला तो पुरेसा आहे.

दुसरी तपासणी सिंकिंग फंडाची. इमारतीच्या मोठ्या कामांसाठी सभासद हे पैसे वेगळे भरतात. ताळेबंदात तो निधी 12 लाख लिहिलेला आहे आणि बँकेत त्याच्या मुदतठेवी मात्र 9 लाखांच्याच, तर मधले तीन लाख कुठे गेले? बहुतेक वेळा कुणी ते खाल्लेले नसतात. थकबाकीमुळे पगार आणि वीजबिल भागेना, तेव्हा ते तिकडे वळलेले असतात. चोरी नाही म्हणून ही गोष्ट लहान होत नाही. स्लॅब गळायला लागेल तेव्हा वेळेवर भरणाऱ्या 36 घरांकडूनच पुन्हा वर्गणी मागितली जाईल. ही बाब कार्यकारिणीने सभेपासून लपवावी, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून अध्यक्षांनी स्वागताचं भाषण असं करावं, असं माझं म्हणणं आहे:

‘सर्वांचं स्वागत. यंदा पत्रकात तीन लाखांची वाढ दिसते, पण प्रत्यक्ष हातात सुमारे 36 हजार आहेत, कारण चार घरांची थकबाकी पाच लाखांवरून 7,64,000 झाली आहे. मागच्या सभेने वसुलीचा ठराव केला होता. आम्ही नोटिसा दिल्या, मात्र वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज अजून केलेला नाही. तो कोणत्या तारखेपर्यंत करायचा, हे आज ठरवू. सिंकिंग फंडातले तीन लाख चालू खर्चाला वापरले गेले आहेत. वसुलीतून आधी ते परत भरायचे, असा ठराव आम्ही मांडणार आहोत. लेखापरीक्षकांनीही यावर शेरा मारला आहे, तो सचिव वाचून दाखवतील. गेटला रंग दिला आणि टाकी दोनदा धुतली, त्याचा तपशील अहवालात आहे. बँकेचा उतारा आणि ठेवपावत्या खजिनदारांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. हिशेब मंजुरीचा विषय येण्याआधी त्या पाहून घ्या.’

एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. थकबाकीदारांची नावं भाषणात घेण्याची गरज नाही, आकडा पुरतो. आभार मानायचे असतील तर ते खुशाल मानावेत, पण हिशेब मंजूर झाल्यावर.